जुन्या पोकळीतला बुरशीचा गोळा

क्षयाचा पूर्ण कोर्स घेऊन बरा झालेला माणूस दहा-बारा वर्षांनी खोकताना रक्त टाकतो, तेव्हा घरच्यांच्या आणि बहुतेकदा डॉक्टरांच्याही मनात पहिला विचार येतो, ‘टीबी उलटला.’ थुंकीत जंतू सापडत नाहीत, तरी गोळ्या पुन्हा सुरू होतात. रक्त आठवड्याभरात आपोआप थांबते, त्याचे श्रेय गोळ्यांना मिळते. काही महिन्यांनी ते पुन्हा येते, या वेळी जास्त. अशा रुग्णांपैकी अनेकांच्या छातीत क्षयाचा एकही जिवंत जंतू नसतो. क्षयाने मागे ठेवलेली पोकळी असते आणि तिच्यात वाढलेला बुरशीचा गोळा असतो. वैद्यकात त्याला ॲस्परजिलोमा म्हणतात.

या आजारातले उपचार एकमेकांना पर्याय असल्यासारखे मांडले जातात: औषध घ्या, नाहीतर एम्बोलायझेशन करा, नाहीतर ऑपरेशन. ही मांडणी मला चुकीची वाटते. पोकळी, बुरशी आणि रक्तवाहिनी या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. ऑपरेशन सोडले तर प्रत्येक उपचार यांपैकी फार तर एखाद्या गोष्टीलाच हात घालतो आणि बाकीच्या तशाच सोडतो. कोणता उपचार कशाला भिडतो हे कळले, की रक्त का थांबले आणि पुन्हा का आले, दोन्ही उलगडते.

पोकळी, बुरशी, रक्तवाहिनी

ॲस्परजिलस ही बुरशी कुजका पालापाचोळा, ओला कडबा, कोठारातले धान्य, जुन्या भिंतींची ओल अशा ठिकाणी वाढते. इटलीतला वनस्पतिशास्त्रज्ञ मिकेली याने १७२९ मध्ये तिला हे नाव दिले. सूक्ष्मदर्शकाखाली तिचा तुरा त्याला चर्चमध्ये पवित्र पाणी शिंपडायच्या साधनासारखा दिसला होता. तिचे बीजाणू दोन-तीन मायक्रॉन आकाराचे असतात. ते आपण सगळेच रोज श्वासातून आत घेतो. निरोगी फुप्फुसात श्वासनलिकेचे बारीक केस त्यांना वर लोटतात आणि उरलेले पांढऱ्या पेशी गिळून टाकतात.

क्षयाने पोखरलेल्या पोकळीत यातले काहीच नसते. भिंत व्रणासारखी कडक झालेली असते, तिच्यावर केस नसतात, पांढऱ्या पेशी पोकळीच्या मध्यापर्यंत पोचत नाहीत. आत मात्र ऊब, ओल आणि हवा भरपूर असते. बुरशी आधी भिंतीवर शेवाळासारखी पसरते, मग तिचे पापुद्रे सुटून आत पडतात. तंतू, शेंबूड, रक्तातले फायब्रिन आणि मेलेल्या पेशी असे सगळे एकत्र वळून त्यांचा गोळा होतो. म्हणजे गोळा दिसतो तेव्हा ही प्रक्रिया बरीच पुढे गेलेली असते. त्याआधी पोकळीची भिंत आणि तिला लागून असलेले फुप्फुसावरण जाड होत जाते. दोन जुने एक्स-रे शेजारी धरून पाहिले तर हा फरक दिसतो. म्हणून रुग्णाला मी नेहमी सांगतो की जुने एक्स-रे फेकू नका, गादीखाली का होईना ठेवा.

हे किती वेळा घडते, याचे एक मोजमाप जुने असले तरी भक्कम आहे. ब्रिटिश ट्यूबरक्युलोसिस असोसिएशनने १९६८ मध्ये क्षय बरा होऊनही अडीच सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी पोकळी उरलेले ५४४ रुग्ण तपासले. त्यांतल्या एक चतुर्थांश लोकांच्या रक्तात ॲस्परजिलसविरुद्धची प्रतिद्रव्ये होती. सुमारे तीन वर्षांनी पुन्हा तपासले, तेव्हा हे प्रमाण ३४ टक्क्यांवर गेले होते. पोकळी जितकी वर्षे रिकामी राहते तितकी बुरशीला संधी मिळत जाते.

आता रक्ताकडे येऊ. फुप्फुसाला रक्त दोन मार्गांनी मिळते. हृदयाच्या उजव्या कप्प्यातून निघणारी मोठी फुप्फुस-धमनी जवळजवळ सगळे रक्त नेते, पण तिच्यातला दाब कमी, वीस-पंचवीसच्या घरातला असतो. दुसऱ्या असतात श्वासनलिकांना पोसणाऱ्या ब्राँकियल धमन्या. त्या महाधमनीतून, पाचव्या-सहाव्या पाठमणक्याच्या पातळीवर निघतात. एरवी त्या एक-दीड मिलिमीटर जाडीच्या, सुतळीच्या धाग्यासारख्या असतात आणि एकूण रक्ताचा शंभरावा हिस्साही नेत नाहीत. पण त्यांच्यात दाब असतो तो आपण दंडावर मोजतो तोच, १२०च्या आसपासचा. पोकळीभोवती वर्षानुवर्षे दाह चालू राहिला की या धमन्या फुगतात, नागमोडी होतात आणि भिंतीत नवीन, नाजूक फुटवे सोडतात. खोकल्यातून मोठ्या प्रमाणात येणारे रक्त बहुतांशी या धमन्यांचेच असते. फार थोड्या रुग्णांत ते फुप्फुस-धमनीच्या फुग्यातून येते. डॅनिश वैद्य रासमुसेन याने १८६८ मध्ये क्षयाच्या पोकळीतल्या या फुग्याचे वर्णन केले, म्हणून त्याला त्याचेच नाव आहे.

गोळ्यात स्वतःची एकही रक्तवाहिनी नसते. गोळा घासतो, त्यातून निघणारे पदार्थ भिंत कुरतडतात, दाह पेटता ठेवतात, पण रक्त सांडते ते भिंतीतून. पुढचे सगळे विवेचन या एका गोष्टीवर उभे आहे.

एक रुग्ण, पहिल्या धारेपासून

पुढचा रुग्ण म्हणजे एकच माणूस नव्हे. बाह्यरुग्ण विभागात वारंवार भेटणाऱ्या अनेकांना जोडून तो तयार केला आहे. वय ५१, यंत्रमागावर काम. चौदा वर्षांपूर्वी क्षय झाला, औषधे पूर्ण घेतली. दोन वर्षांपूर्वी बेडक्यात रक्ताची रेघ आली. गावातल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिले, क्षयाच्या गोळ्या पुन्हा सहा महिने चालल्या. त्यानंतर दोनदा रक्त आले. या वेळी पहाटे उठून खोकला आणि मोरीत पाऊण वाटी लालभडक, फेसाळ रक्त पडले. ताप नाही. वजन वर्षभरात तीन किलो उतरलेले.

एक्स-रेत उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात पोकळी आहे आणि तिच्यात गोल सावली. सावलीच्या वर चंद्रकोरीसारखी हवेची काळी पट्टी दिसते. ही कोर पाहून अंदाज येतो, खात्री होत नाही, कारण गोठलेल्या रक्ताची गाठ, कर्करोग किंवा पोकळीतला जाड पू हेही असेच दिसू शकतात. सीटी स्कॅन आधी उताणे आणि मग पालथे झोपवून काढला. उताण्या स्थितीत गोळा पाठीकडच्या भिंतीला टेकलेला होता, पालथे झोपवल्यावर तो घरंगळून छातीकडच्या भिंतीवर आला. भिंतीला चिकटलेली गाठ अशी हलत नाही. पोकळी साडेचार सेंटिमीटर, गोळा तीन सेंटिमीटर.

दुसरा आधार रक्ताचा. ॲस्परजिलसविरुद्धची आयजीजी प्रतिद्रव्ये भरपूर वाढलेली. या आजारात ही तपासणी थुंकीपेक्षा जास्त भरवशाची आहे. थुंकीच्या कल्चरमध्ये बुरशी निम्म्या रुग्णांतही उगवत नाही आणि उगवली तरी ती हवेतून सहज आलेली असू शकते.

क्षयाची शंका तरीही मिटवावीच लागते. थुंकीची सीबीनॅट तपासणी दोनदा केली, दोन्ही वेळा जंतू नव्हते. इथे एक खाच आहे. पूर्वी क्षय झालेल्या माणसाच्या थुंकीत मेलेल्या जंतूंचे डीएनए काही काळ राहू शकते आणि सीबीनॅट ते पकडते. म्हणून अगदी थोडे प्रमाण दाखवणारा अहवाल आला तर कल्चर होईपर्यंत थांबणे बरे. उलटही घडते: गोळा आणि क्षय दोन्ही एकत्र असतात. तेव्हा प्रश्न अवघड होतो, कारण क्षयावरचे रिफाम्पिसिन हे औषध यकृतातली यंत्रणा इतकी जागी करते, की इट्राकोनॅझोलसारखी बुरशीची गोळी रक्तात जवळजवळ उरतच नाही. दोन्ही औषधे एकत्र लिहिलेली चिठ्ठी मी पाहिली आहे. बुरशीच्या गोळीचा त्या रुग्णाला काही उपयोग होत नव्हता आणि ती महाग असल्याने घरच्यांनी बायकोचे मंगळसूत्र गहाण ठेवले होते.

रक्त येत असताना

अशा माणसाच्या जिवाला धोका असतो तो रक्त कमी होण्यापेक्षा गुदमरण्याचा. श्वासनलिकांची एकूण पोकळी सुमारे दीडशे मिलिलिटरची. म्हणजे पेलाभर रक्त चांगल्या फुप्फुसाच्या नळ्यांत उतरले, तरी श्वास बंद पडू शकतो. म्हणून पहिले काम औषधाचे नाही. ज्या बाजूने रक्त येते ती बाजू खाली करून रुग्णाला कुशीवर झोपवायचे, म्हणजे रक्त चांगल्या बाजूत ओघळत नाही. आमच्या रुग्णाच्या केसपेपरवर आणि त्याच्या बायकोच्या मोबाइलमध्ये ‘उजवी बाजू खाली’ असे लिहून ठेवले. घरात रात्री रक्त आले तर हे तीन शब्द कामी येतात, सीटीचा पानभर अहवाल येत नाही.

ट्रानेक्झॅमिक ॲसिड रक्ताची गुठळी विरघळू देत नाही. ते गोळीतून, शिरेतून किंवा वाफाऱ्यातून देता येते. नेब्युलायझरमधून ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा दिल्यावर थोडे-मध्यम रक्त येणाऱ्यांना फायदा झाल्याचे २०१८ मध्ये छापल्या गेलेल्या एका लहान अभ्यासात दिसले. मूत्रपिंड अधू असेल तर मात्रा कमी करावी लागते. हे औषध धमनीला, पोकळीला किंवा बुरशीला काहीही करत नाही. त्याने फक्त वेळ मिळतो. खोकल्याचे कोडीनयुक्त औषध जपून द्यावे. खोकला पूर्ण दाबला तर रक्त आतच साचते.

धमनी बंद करणे

एम्बोलायझेशन म्हणजे जांघेतल्या धमनीतून बारीक नळी महाधमनीत नेऊन फुगलेल्या ब्राँकियल धमनीत शिरायचे आणि तिच्यात ३०० ते ५०० मायक्रॉनचे प्लॅस्टिकचे कण सोडून ती बुजवायची. फ्रान्समध्ये रेमी आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात याची सुरुवात केली. कण याहून बारीक असले तर ते पलीकडच्या वाहिन्यांत निसटतात. तारेची स्प्रिंग तोंडाशीच बसवली तर पुढच्या वेळी तोच रस्ता कायमचा बंद झालेला असतो, म्हणून या धमन्यांत ती शक्यतो टाळतात.

आमच्या रुग्णाची उजवी ब्राँकियल धमनी तीन मिलिमीटर जाड होती. ती बुजवल्यावर काम संपले असते, पण पोकळी छातीच्या भिंतीला घट्ट चिकटलेली होती. अशा वेळी छातीच्या भिंतीच्या धमन्याही चिकटलेल्या आवरणातून पोकळीत शिरतात. काखेतून येणारी एक आणि उरोस्थीमागून उतरणारी एक, अशा दोन धमन्या सीटी अँजिओग्राफीत आधीच दिसल्या होत्या. त्याही बंद केल्या. हा नकाशा आधी न काढता एकच धमनी बंद केली तर रक्त आठवड्यात परत येते आणि ‘एम्बोलायझेशन फसले’ असे म्हटले जाते. खरे तर ते अर्धेच झालेले असते.

मोठा धोका मज्जारज्जूचा आहे. त्याला रक्त पुरवणारी बारीक फांदी कधी कधी याच धमनीतून फुटते. ती कणांनी बुजली तर पाय लुळे पडू शकतात. म्हणून अनुभवी रेडिओलॉजिस्ट आधी रंगद्रव्य सोडून केसाच्या पिनेसारखे वळण दिसते का ते शोधतो आणि दिसले तर थांबतो किंवा नळी त्याच्यापलीकडे नेतो.

बहुसंख्य रुग्णांत रक्त त्याच दिवशी थांबते. पण बुरशीच्या गोळ्याच्या बाबतीत पुढच्या दोन-तीन वर्षांत ते परतण्याचे प्रमाण इतर कारणांपेक्षा स्पष्टपणे जास्त आहे. पोकळी आणि बुरशी जागच्या जागी असल्यामुळे दाह चालूच राहतो आणि भिंत नव्या वाहिन्या मागवत राहते. आमच्या रुग्णाला सात महिन्यांनी पुन्हा चमचाभर रक्त आले.

बुरशीवर गोळी

गोळ्यात औषध शिरत नाही, कारण तिथे रक्तच पोचत नाही. म्हणून एकच पोकळी, एकच गोळा, फारसा त्रास नाही आणि महिनोन्‌महिने बदल नाही, अशा साध्या ॲस्परजिलोमात बुरशीच्या गोळ्यांचा उपयोग नसतो. अशांना नुसते लक्षात ठेवून सहा महिन्यांनी तपासले तरी पुरते.

पण वजन उतरणे, पोकळी वाढणे, तिच्याभोवती नवे डाग, थकवा असे काही असेल तर बुरशी भिंतीत आणि तिच्या आसपास कार्यरत असते. याला चिवट पोकळीयुक्त ॲस्परजिलोसिस म्हणतात. इथे औषध भिंतीतला दाह कमी करते आणि त्यामार्गे रक्तही. चंदीगडच्या पीजीआय संस्थेने २०१३ मध्ये सहा महिने इट्राकोनॅझोल दिलेल्या १७ पैकी १३ रुग्णांत सुधारणा नोंदवली, तर फक्त आधाराचे उपचार घेतलेल्या १४ पैकी ५ जणांत. त्याच संस्थेच्या २०२२ मधल्या अभ्यासात सहा महिने औषध घेतलेल्यांपैकी ३८ टक्क्यांचा आजार दोन वर्षांत उलटला, बारा महिने घेतलेल्यांत १० टक्क्यांचा. म्हणून आमच्या रुग्णाला २०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, वर्षभर असे सांगितले.

हे औषध लिहिण्यापेक्षा पोटात मुरवणे कठीण. साध्या कॅप्सूलला पोटातले आम्ल लागते, म्हणून ती भरल्या पोटी घ्यायची आणि पित्ताची गोळी सोबत नको. घरात बहुतेकांचा दिवसच पित्ताच्या गोळीने सुरू होतो, हे विचारल्याशिवाय कळत नाही. दोन आठवड्यांनी रक्तातली पातळी मोजली तर गोळी खरोखर पोचते आहे की नाही ते समजते. पाय सुजले, दम वाढला तर हृदयाकडे पाहायचे. दम्याच्या पंपात ब्युडेसोनाइड असेल तर तेही शरीरात साचून चेहरा सुजवते, साखर वाढवते.

पोकळीतच नळी घालून थेट ॲम्फोटेरिसिन सोडणे हा मधला मार्ग. ५० मिलिग्रॅम औषध २० मिलिलिटर डेक्स्ट्रोजमध्ये, कारण सलाइनमध्ये त्याचा साका होतो. ज्यांचे ऑपरेशन शक्य नाही आणि रक्त थांबत नाही, त्यांच्यासाठी हा पर्याय हाताशी ठेवावा. पण नळी घालतानाच रक्तस्राव किंवा फुप्फुसाबाहेर हवा साचण्याचा धोका असतो.

पोकळी काढणे

तिन्ही गोष्टी एकाच वेळी नाहीशा करणारा उपाय एकच, तो भाग कापून काढणे. पण तो सगळ्यांना झेपत नाही. बेल्चर आणि प्लमर या शल्यचिकित्सकांनी १९६० मध्ये केलेली वाटणी अजून उपयोगी आहे: पातळ भिंतीची पोकळी आणि भोवती चांगले फुप्फुस असेल तर साधा गोळा, जाड भिंत आणि भोवती व्रणांनी भरलेले फुप्फुस असेल तर गुंतागुंतीचा. क्षयानंतरचे गोळे बहुतेक दुसऱ्या गटात येतात.

आमच्या रुग्णाचा एका सेकंदातला उच्छ्वास १.४ लिटर भरला. त्याच्या वयाला आणि उंचीला तो २.८ असायला हवा. म्हणजे निम्माच. उजवा वरचा भाग काढल्यावर किती उरेल? फुप्फुसाचे १९ तुकडे धरतात, त्यांतले तीन जाणार. १.४ गुणिले १६ भागिले १९, म्हणजे १.१८ लिटर, अपेक्षेच्या ४२ टक्के. या आकड्यावर अनेक जण ऑपरेशन नाकारतील. पण हा हिशेब सगळे तुकडे सारखे काम करतात असे धरून चालतो आणि याचा वरचा भाग चौदा वर्षांपूर्वीच निकामी झालेला होता. रक्तपुरवठ्याच्या स्कॅनमध्ये त्या भागाकडे एकूण रक्ताच्या फक्त ४ टक्के रक्त जात होते. १.४ मधून तेवढेच वजा केले तर १.३४ लिटर उरतात, ४८ टक्के. तुकडे मोजून नाकारलेला माणूस स्कॅनने ऑपरेशनच्या रांगेत आला. या आजारात तुकडे मोजण्यावर थांबू नये, असे माझे ठाम मत आहे.

ऑपरेशनच्या चार दिवस आधी पुन्हा एम्बोलायझेशन केले, म्हणजे चिकटलेला भाग सोडवताना रक्त कमी गेले. पोकळी छातीच्या भिंतीला इतकी घट्ट होती की फुप्फुसावरणाच्या बाहेरून वाट काढावी लागली. पोकळी फुटून बुरशी छातीत सांडू नये, यासाठी ही सगळी सावधगिरी. नंतर हवा गळत राहिली, नळी नऊ दिवस ठेवली. आकुंचित फुप्फुस वरची रिकामी जागा भरू शकत नाही, हे या ऑपरेशनचे ठरलेले दुखणे आहे. त्या जागेत पू झाला तर महिने जातात. अशी शक्यता दिसली तर शल्यचिकित्सक छातीचा स्नायू आत वळवून जागा भरतात. उच्छ्वास एक लिटरच्याही खाली असलेल्यांत कापण्याऐवजी पोकळी उघडून गोळा काढायचा आणि स्नायूने ती बुजवायची, हा लहान मार्ग असतो. दोन्ही बाजू उद्ध्वस्त असलेल्यांना तोही नाही. त्यांच्यासाठी लांबलेली गोळी, गरजेप्रमाणे पुन्हा एम्बोलायझेशन आणि घरात ठेवलेले ट्रानेक्झॅमिक ॲसिड, एवढ्यावर वर्षे काढावी लागतात आणि काही जण ती चांगली काढतात.

काढलेला भाग टेबलावर स्टीलच्या ट्रेमध्ये उघडला. आतून करड्या, ओल्या मातीच्या ढेकळासारखा गोळा निघाला, चिमट्याने उचलताच सुटा झाला, कुठेही चिकटलेला नव्हता. मागे राहिलेली भिंत पुसली तेव्हा तिच्यावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दाटीने दिसले. त्यांतल्या एका ठिपक्यावर अजून काळपट गुठळी बसलेली होती.